मॅनेजरचा सीनियर इंजिनिअर: पाटी वाचू नका, पायरी विचारा

ताई, मी मांजलपूरला राहतो. कलाभवनातून मेकॅनिकलला बी.ई. केलं, त्याला आठ वर्षं झाली. सध्या मकरपुरा जीआयडीसीत साठ माणसांच्या मशीन शॉपमध्ये 'मॅनेजर – क्वालिटी' आहे, सीटीसी ७.२ लाख. आता दोन ऑफर आहेत. हालोलजवळच्या एका मोठ्या कंपनीची: 'सीनियर इंजिनिअर – क्वालिटी', ग्रेड ई-२, १०.४ लाख. दुसरी वाघोडियाच्या ऐंशी माणसांच्या कंपनीची: 'असिस्टंट जनरल मॅनेजर – क्वालिटी', ८.४ लाख. बाबा बँक ऑफ बडोदातून सीनियर मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. ते म्हणतात, मॅनेजरचा इंजिनिअर होऊन खाली कशाला उतरतोस, एजीएम हो. मलाही आतून तसंच वाटतं, पण पगार उलटं सांगतोय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. खरं वरचं पद कोणतं?
— स., बडोदे

स., तुमच्या बाबांपासून सुरुवात करते, कारण ते चुकीचं बोलत नाहीयेत. ते त्यांच्या बँकेच्या हिशोबाने अगदी बरोबर बोलतायत. सरकारी बँकेत हुद्दा हे स्केलचंच दुसरं नाव असतं. स्केल २ मॅनेजर, ३ सीनियर मॅनेजर, ४ चीफ मॅनेजर, ५ असिस्टंट जनरल मॅनेजर, ७ जनरल मॅनेजर. स्केलचा पगार इंडियन बँक्स असोसिएशनशी होणाऱ्या करारातून ठरतो, म्हणून रावपुऱ्यातल्या शाखेतला स्केल ३ आणि गुवाहाटीतला स्केल ३ एकाच पायरीवर उभे असतात. बाबा स्वतः तिसऱ्या स्केलवरून निवृत्त झाले. एजीएम म्हणजे त्यांच्या डोक्यात त्यांच्याही दोन पायऱ्या वरचा साहेब, जिथे पोचायला पंधरा-वीस वर्षं सहज जातात. मुलाला एकतिशीच्या आसपास ते पद मिळतंय म्हटल्यावर त्यांना दुसरं काय वाटणार?

पण बँकांमध्येसुद्धा हे नातं बँकेच्या दारापर्यंतच टिकतं. स्टेट बँकेत 'मॅनेजर' हा स्केल ३ चा हुद्दा आहे, स्केल २ ला तिथे 'डेप्युटी मॅनेजर' म्हणतात. म्हणजे बँक ऑफ बडोदाचा मॅनेजर आणि स्टेट बँकेचा मॅनेजर यांच्यात एक पूर्ण स्केलचं अंतर आहे. पगाराच्या स्केलची शिडी एक, तरी पाट्या वेगळ्या. खाजगी कारखान्यांत तर शिडीही ज्याची त्याची असते. तिथे पाटीवरून पायरी ओळखता येत नाही. पायरी वेगळी शोधावी लागते.

छोट्या कारखान्यात मोठी पाटी का मिळते, ते मी तेवीस वर्षं एचआरमध्ये राहून जवळून बघितलंय. बहुतेक वेळा कारण साधं असतं. मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस ऑडिटला आला की त्याला 'क्वालिटी मॅनेजर कोण?' असं विचारायचं असतं. शिवाय आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या मानकाची २०१५ पूर्वीची आवृत्ती मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह नेमायला सांगायची. छोट्या युनिटमध्ये ती जबाबदारी क्वालिटी बघणाऱ्या एकुलत्या इंजिनिअरकडे यायची, आणि मग त्याच्या नावापुढे मॅनेजर लागायचं. तिसरं कारण तुम्हाला लागू असेल तर वाईट वाटून घेऊ नका: एप्रिलमध्ये पगार वाढवता येत नसला की शेठ हुद्दा वाढवतात. हुद्द्याला पैसे पडत नाहीत. मोठ्या कंपनीत उलटं असतं. तिथे प्रत्येक हुद्द्याला ग्रेड चिकटलेला असतो आणि ग्रेडला पगाराची रेंज, मेडिक्लेम, प्रवासाचा वर्ग असं सगळं. त्यामुळे हुद्दे हात राखून दिले जातात.

तेव्हा पहिलं काम: हालोलच्या एचआरला फोन करून 'फ्रेश बी.ई. तुमच्याकडे कुठल्या ग्रेडला लागतो आणि तिथून ई-२ पर्यंत साधारण किती वर्षं लागतात?' एवढंच विचारा. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या कारखान्यांत कॅम्पसमधून घेतलेला मुलगा जीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून लागतो. वरच्या पाट्या कितीही वेगळ्या असल्या तरी ही तळाची पायरी बऱ्याच ठिकाणी सारखी सापडते. दोन कंपन्यांची तुलना करायची तर वरून खाली येऊ नका, तळापासून वर मोजा.

समजा त्यांनी सांगितलं की जीईटी एक वर्ष, मग ई-१ इंजिनिअर तीन वर्षं, मग ई-२ सीनियर इंजिनिअर तीन वर्षं, आणि त्यानंतर एम-१ असिस्टंट मॅनेजर. बेरीज करा: एक, तीन आणि तीन, सात. म्हणजे तुमच्याच वर्षी पास झालेला जो मुलगा तिथे जीईटी म्हणून लागला आणि कुठे अडकला नाही, तो गेल्या वर्षी असिस्टंट मॅनेजर झालेला असणार. तुम्हाला आठ वर्षांनंतर ई-२ देतायत. याचा अर्थ 'मॅनेजरचा इंजिनिअर' ही तुमची अडचणच नाही. खरी अडचण असलीच तर ती एका पायरीची आहे, आणि ती 'इंजिनिअर' या शब्दात कुठेही दिसत नाही.

आता दुसरा पुरावा बघू, आणि माझ्या मते तोच जास्त बोलका आहे. प्रत्येक ग्रेडला पगाराचा तळ आणि छत असतं. विचारायचं ते एवढंच: मला देऊ केलेला आकडा या ग्रेडच्या रेंजमध्ये कुठे बसतो? खालच्या भागात, मधे, की वर? नेमकी रेंज एचआर सहसा सांगत नाही, पण खालचा-मधला-वरचा एवढं सांगायला फारसं कुणी नाही म्हणत नाही. समजा ई-२ ची रेंज ७ ते ११ लाख आहे. तुमचे १०.४ तळापासून ३.४ वर आहेत, आणि अख्खी रेंज ४ ची. म्हणजे तुम्ही ग्रेडच्या पंच्याऐंशी टक्के उंचीवर पोचलात, छताला हात लागतोय. आणि एम-१ ची रेंज ९ ते १४ असेल, तर तेच १०.४ तिथे तळापासून २८ टक्क्यांवर बसतात. आरामात.

ग्रेडच्या छताजवळ घेतलेला माणूस म्हणजे काय, हे मी आतल्या बाजूने सांगते. मुलाखत घेणाऱ्या विभागाने तुम्हाला एम-१ चा माणूस म्हणून पसंत केलं असण्याची शक्यता खूप आहे. पण त्यांच्याकडे मंजूर झालेली जागा ई-२ ची होती. बजेटमध्ये जागा ग्रेडसकट मंजूर होते. ती वरच्या ग्रेडची करून घ्यायची तर वर फाईल पाठवावी लागते. मग सोपा मार्ग काय, तर ग्रेड तोच ठेवायचा आणि पगार ताणून तुम्हाला जमेल इथपर्यंत न्यायचा. आत्ता हातात पैसे नीट पडतात, म्हणून उमेदवार खूश असतो. चटका दुसऱ्या वर्षी बसतो. छताजवळ असलेल्यांना वाढ कमी मिळते, कारण पाच-सहा टक्क्यांच्या पुढे गेलं की ते रेंजच्या बाहेर जातात. कामगिरी चांगली म्हणून शेरा येतो आणि वाढ मात्र शेजारच्या टेबलावरच्या माणसापेक्षा कमी. याची तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी मुलांना मी हेच कागदावर रेघ ओढून दाखवलंय. त्यातल्या निम्म्यांना तरी आपला ग्रेड कोणता हेच माहीत नव्हतं. त्यांनी ऑफर लेटरवर हुद्दा वाचला, आकडा वाचला, आणि मधली ती दोन अक्षरं सोडून दिली. तुम्ही निदान पत्रात लिहिलीत.

उलट उत्तर आलं, तुमचा आकडा ग्रेडच्या मध्याच्या आसपास आहे, तर ई-२ हीच तुमची खरी पायरी धरा आणि पुढची ओढाताण करू नका. तेही शक्य आहे. मोठ्या कंपन्या छोट्या युनिटमधली वर्षं पूर्ण धरत नाहीत. साठ माणसांच्या शॉपमधली आठ वर्षं त्यांच्या तक्त्यात सहा होतात. त्यांना विचारायचं असतं की तुम्ही पीपीएपी, म्हणजे नव्या पार्टच्या मंजुरीचं दप्तर, स्वतः सादर केलंय का, गिऱ्हाइकाचं ऑडिट एकट्याने झेललंय का, सॅप या कंपनीभर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम केलंय का. यातलं जे केलं असेल ते शुक्रवारआधी त्यांच्यापर्यंत पोचवा. हुद्द्याच्या बळावर ग्रेड वाढत नाही, या अशा नेमक्या कामांवर वाढतो.

ग्रेड आत्ताच का मागायचा, नंतर का नाही? रुजू होताना ग्रेड बदलायला एक ई-मेल आणि एक सही पुरते. रुजू झाल्यावर तोच बदल प्रमोशन होतो, आणि प्रमोशनला ग्रेडमध्ये किमान इतकी वर्षं काढलेली असणं, समितीपुढे जाणं, जागा रिकामी असणं, असं सगळं लागतं. आत गेल्यावर तीन वर्षांची किमान अट असेल तर एका पायरीची किंमत तीन वर्षं आहे. आणखी एक बारीक गोष्ट आहे. अनेक कंपन्यांत ३० सप्टेंबरनंतर रुजू झालेल्यांना पुढच्या एप्रिलच्या मूल्यमापनात धरत नाहीत. तुमची रुजू व्हायची तारीख त्याच्या अलीकडे पडते की पलीकडे, ते बघा. नोटीस पीरियडचे पंधरा दिवस इकडेतिकडे केल्याने वर्ष वाचत असेल तर वाचवा.

हे सगळं पायरीबद्दल झालं. अधिकार हा वेगळा विषय आहे आणि क्वालिटीच्या माणसाला तो इतर कुणाहीपेक्षा जास्त लागतो.

तुमच्या सध्याच्या जागेबद्दल मी एकच विचारीन. मालाचा लॉट बाद आहे, तुम्ही लाल टॅग लावलाय, ट्रक गेटवर उभा आहे. शेठचा फोन येतो, 'जवा दो ने, पार्टीशी मी बोलतो.' मग तो टॅग कोण काढतं? जर उत्तर 'मीच काढतो' असेल, तर तुमच्या पाटीवर मॅनेजर असलं तरी तुमचं काम इन्स्पेक्शनचं आहे, निर्णयाचं नाही. मोठ्या कंपनीत, जिथे सॅपचं क्वालिटी मॉड्यूल चालतं तिथे, आलेल्या किंवा बनलेल्या मालाच्या लॉटवर शेवटचा निर्णय QA11 या स्क्रीनवर नोंदवला जातो. त्याला यूसेज डिसिजन म्हणतात. तो नोंदवला जाईपर्यंत माल तपासणीच्या साठ्यात अडकून राहतो. विक्रीच्या माणसाला त्याची डिलिव्हरी काढता येत नाही, तो कितीही वरचा असला तरी. आणि तो निर्णय कुणाच्या लॉगिनने झाला ते कायमचं नोंदलेलं राहतं. म्हणून हालोलच्या तुमच्या होणाऱ्या साहेबांना सरळ विचारा: यूसेज डिसिजन ई-२ च्या लॉगिनला आहे का? बाद मालाला सवलत द्यायची, म्हणजे डेव्हिएशन, तर सही कुणाची लागते? जिथे सीनियर इंजिनिअर लॉट अडवू शकतो आणि त्याला उलटवायला प्लांट हेडची लेखी सही लागते, तिथला सीनियर इंजिनिअर तुमच्या आजच्या मॅनेजरपेक्षा वर आहे. माझ्यासाठी यात दुमत नाही.

कोर्टसुद्धा याच बाजूने बघत आलंय. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली एखादा माणूस 'वर्कमन', म्हणजे कामगार, आहे की नाही असा प्रश्न आला, की नेमणूकपत्रावर मॅनेजर लिहिलंय एवढ्यावर न्यायालयं थांबत नसत. त्याचं मुख्य काम काय होतं, तो रजा मंजूर करायचा का, कुणावर कारवाई करू शकायचा का, हे तपासत. तुम्हीही स्वतःच्या दोन्ही ऑफर तशाच तपासा.

आता वाघोडिया. त्यांना तीन गोष्टी विचारा. क्वालिटीत एकूण माणसं किती आणि त्यातली कंपनीच्या पे-रोलवर किती? कॉन्ट्रॅक्टरकडून आलेले दोन इन्स्पेक्टर ही तुमची टीम नव्हे, त्यांची रजाही तुम्ही मंजूर करत नाही. एजीएमच्या वर कोण आहे, जीएम आहे की थेट मालक? ऐंशी माणसांत एजीएम असून जीएम नसेल, तर 'असिस्टंट' हा शब्द कुणाला असिस्ट करतो ते विचारून बघा. उत्तरावरून पुष्कळ कळेल. आणि लाल टॅगचा तोच प्रश्न.

मी स्वतः या वाटेने गेले आहे. बडोद्यातल्याच एका कंपनीत मला 'हेड – एचआर' म्हणून बोलावलं. आधीच्या ठिकाणी मी असिस्टंट मॅनेजर होते, त्यामुळे आई-वडिलांना किती आनंद झाला म्हणून सांगू. पहिल्या आठवड्यात एका ऑपरेटरला तातडीने साडेतीन हजारांची उचल हवी होती, त्याचा मुलगा सयाजी हॉस्पिटलमध्ये होता. मी फॉर्मवर सही केली. अकाउंट्सने फॉर्म परत पाठवला: 'साहेबांची सही आणा.' साहेब मुंबईला होते. शेवटी स्वतःच्या पर्समधून दिले. त्या दिवशी मला कळलं की माझ्या सहीला त्या इमारतीत साडेतीन हजारांचीही किंमत नाही, आणि जुन्या ठिकाणी असिस्टंट मॅनेजर असताना मी पंचवीस हजारांपर्यंत मंजूर करत होते. दीड वर्षाने बाहेर पडले तेव्हा पुढच्या मुलाखतीत प्रश्न आला, 'हेड होतात, मग टीम किती, बजेट किती?' माझ्याकडे दोन्हीचं उत्तर नव्हतं.

तुम्हालाही एजीएमचं हेच होईल अशी मला भीती वाटते. तीन वर्षांनी तुम्ही मोठ्या कंपनीत डेप्युटी मॅनेजरच्या जागेला अर्ज कराल. रिझ्युमे चाळणारी मुलगी 'एजीएम' बघून म्हणेल, हा या जागेसाठी फार सीनियर आहे. आणि खऱ्या एजीएमच्या जागेला अर्ज केलात तर तिथे तीन प्लांट सांभाळलेला माणूस शेजारी बसलेला असेल. मोठी पाटी अशी दोन्ही बाजूंनी दार लावते.

म्हणून माझं मत: हालोल घ्या, आणि तुमचा आकडा छताजवळ निघाला तर ई-२ च्या वरचा ग्रेड, म्हणजे आपल्या उदाहरणातला एम-१, मागून घ्या. आज फोनवर वरचे प्रश्न विचारा आणि उद्या असा ई-मेल पाठवा: 'ऑफरबद्दल आभारी आहे आणि रुजू व्हायची इच्छा आहे. माझा आठ वर्षांचा अनुभव आणि देऊ केलेला पगार बघता हे पद एम-१ ग्रेडला बसतं असं मला वाटतं. पगार आहे तोच ठेवून ग्रेडचा पुनर्विचार व्हावा ही विनंती. ते शक्य नसल्यास, एम-१ च्या प्रमोशनसाठी मी पहिल्यांदा कोणत्या वर्षी पात्र ठरेन ते कृपया कळवावं.' पगार वाढवा म्हणू नका. ग्रेड मागताना पैसेही मागितले की एचआरला नाही म्हणायला सोपं जातं. नुसता ग्रेड मागितला की त्यांनाही कळतं, हा माणूस शिडी वाचून आलाय.

ते नाही म्हणाले तर? तरीही वाघोडियापेक्षा हालोलच, पण एका अटीवर: पात्रतेचं वर्ष ई-मेलमध्ये लिहून आलं पाहिजे. 'वर्षभरात बघू' हे तोंडी आश्वासन धरू नका. ते देणारा साहेब बदलून जातो आणि नव्याला त्यातलं काही ठाऊक नसतं. आणि लाल टॅग तिथेही विक्रीवाल्याच्या फोनवर निघत असेल, तर दोन्ही ऑफर सोडून आणखी तीन महिने शोधा. आठ वर्षं झालेल्या क्वालिटी इंजिनिअरला आपल्या पट्ट्यात काम मिळतं.

रिझ्युमेवर सध्याचा हुद्दा आहे तसाच ठेवा, 'मॅनेजर – क्वालिटी'. हालोलला जड वाटेल म्हणून तो 'सीनियर इंजिनिअर' करू नका. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला अनुभवपत्राशी जुळला नाही तर निष्कारण खुलासे देत बसाल. फक्त खाली एक ओळ घाला: साठ माणसांचं युनिट, चार इन्स्पेक्टर, रिपोर्टिंग थेट मालकांकडे. तुमचा खरा आकडा जो असेल तो. वाचणारा त्या ओळीवरून तुमची पायरी स्वतःच लावून घेतो.

आणि बाबांना हे सगळं समजावत बसू नका, त्यांना त्यांच्या भाषेत सांगा. हालोलच्या एचआरकडून ग्रेडची यादी मिळाली की कागदावर तळापासून आकडे टाका: जीईटी शून्य, ई-१ एक, ई-२ दोन, एम-१ तीन. मग म्हणा, 'बाबा, पाटी इंजिनिअरची आहे. स्केल दुसरा देतायत, मी तिसरा मागितलाय.' आयुष्यभर स्केल मोजलेला माणूस आहे, पुढचा प्रश्न तेच विचारतील: 'चौथ्याला किती वर्षं लागतात?' तो एचआरला विचारायच्या प्रश्नांत आत्ताच लिहून ठेवा.